स्नेहसंमेलनासाठी भाषण पाहिजे (राळेगाव तालुका)

कापूसवाला पोट्टा
राम राम मंडळी. आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेचं वार्षिक स्नेहसंमेलन येत्या शुक्रवारी आहे. एक चांगलं भाषण पाहिजे. कोणाजवळ लिहिलेलं असेल तर टाका, नाहीतर लिहून द्या. दमदार पाहिजे, लोकांनी ऐकलं पाहिजे.

शब्दसखा अकोला
घ्या भाऊ, तयार आहे. "सन्माननीय व्यासपीठ, व्यासपीठावरील मान्यवर, वंदनीय गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो! आज आपल्या शाळेच्या प्रांगणात आनंदाचा सोहळा रंगला आहे. स्नेहसंमेलन म्हणजे कलागुणांना मिळालेले व्यासपीठ. अभ्यासाबरोबरच क्रीडा, कला आणि संस्कार यांचा संगम म्हणजे आपली शाळा..." बाकीचं संदेशात पाठवतो, फुलस्केपची दोन पानं आहेत. शाळेचं आणि पाहुण्यांचं नाव टाकलं की झालं. मी तीन-चार शाळांना हेच दिलं आहे, कोणाची तक्रार नाही.

सेलूची ताई
माझ्या मुलाला पण भाषण पाहिजे होतं. चौथीत आहे. ३ जानेवारीला सावित्रीबाईंवर वक्तृत्व स्पर्धा आहे, ३ मिनिटं दिली आहेत. हे वरचं थोडं बदलून चालेल का?

निवृत्त गुरुजी
सेलूच्या ताई, तुमचा प्रश्न अगदी उलटा आहे. तुमच्या मुलाला विषय ठरवून दिला आहे, मिनिटं दिली आहेत, ऐकणारे परीक्षक आहेत आणि वेळ संपली की घंटा वाजते. म्हणजे भाषणाचा साचा स्पर्धेनंच करून ठेवला आहे. तुम्ही फक्त आत काय भरायचं ते पाहा. सावित्रीबाईंच्या आयुष्यातला एकच प्रसंग घ्या. सगळा जीवनपट तीन मिनिटांत कोंबू नका.

पोट्ट्या, तुझं मात्र काहीच ठरलेलं नाही. तू तारीख सांगितली, पण बोलणार कोण ते नाही सांगितलं. मुख्याध्यापक बोलणार असतील तर ते प्रास्ताविक. त्यात पटसंख्या येते, वर्षभरात काय काय झालं ते येतं, शिष्यवृत्ती परीक्षेत कोणत्या पोरानं नाव काढलं ते येतं. प्रमुख पाहुण्याला यातलं काहीच माहीत नसतं. तो बाहेरचं काही घेऊन येतो, ते दहा मिनिटं सांगतो आणि बसतो. आभार मानणाऱ्याकडे फक्त नावं असतात, पण एक नाव सुटलं तर गावात वर्षभर त्याचीच चर्चा. सातवीतल्या पोरीचं मनोगत असेल तर ते आणखी निराळं. या सगळ्यांना लोक 'स्नेहसंमेलनाचं भाषण'च म्हणतात, पण एकाचं दुसऱ्याच्या तोंडी घातलं की ऐकणाऱ्याला लगेच समजतं.

शब्दसखांनी दिलेलं भाषण तीन-चार शाळांत चाललं ते यामुळेच, की ते कोणाच्याच तोंडचं नाही. तक्रार नाही आली हे खरं. पण दुसऱ्या दिवशी कोणाला त्यातलं एक वाक्य तरी आठवलं का, हे विचारून पाहा.

तू आता एवढंच कर, कार्यक्रमपत्रिकेचा फोटो टाक. छापली नसेल तर सरांनी कागदावर क्रम लिहिला असेल, तो टाक. मी मुख्याध्यापक होतो तेव्हा भाषण लिहून मागायला कोणी आलं की पहिले पत्रिका मागायचो. "किती मिनिटं बोलायचं?" असं विचारलं तर सगळे "पाच-दहा मिनिटं" म्हणतात. त्या उत्तराचा काही उपयोग नसतो, कारण ते मोजून दिलेलं नसतं. पत्रिकेत वेळ दिसते, क्रम दिसतो आणि आपल्या आधी कोण काय बोलून जाणार तेही दिसतं.

नागपूर ते पुणे
गुरुजी, एवढं लांबवायची गरज नाही. मी कंपनीत नेहमी सादरीकरणं करतो. सगळ्यात महत्त्वाची म्हणजे वेळ. मिनिटाला १०० ते १२० शब्द धरा. ५ मिनिटं म्हणजे ५०० ते ६०० शब्द. वेळ कळली की भाषण मोजून लिहिता येतं आणि जास्त झालं तर कापता येतं. बोलणारा कोण, ऐकणारे कोण, याने शब्द थोडेफार बदलतात, बाकी काही नाही.

निवृत्त गुरुजी
तुमचा हिशेब चुकीचा नाही. सराईत वाचणाऱ्यासाठी, बंद सभागृहात, मिनिटाला शंभर शब्द बरोबर आहे. मराठीत विभक्ती शब्दालाच चिकटते म्हणून आपले शब्द लांब होतात, त्यामुळे मी १०० च्याही थोडं खालीच धरतो. पण गावात मंडप उघड्या मैदानात असतो आणि भोंगा बाभळीला बांधलेला असतो. आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत येतो. भराभर बोललं तर दोन वाक्यं एकमेकांवर चढतात आणि मागच्या रांगेला नुसता गलका ऐकू येतो. तिथं प्रत्येक वाक्यानंतर थांबावंच लागतं.

आणि वेळेवरून लांबी कळते, पण काय ठेवायचं आणि काय गाळायचं ते नाही कळत. ५०० शब्दांचं प्रास्ताविक कापून २५० चं केलं तरी ते प्रास्ताविकच राहतं, त्याचं अध्यक्षीय भाषण होत नाही.

कापूसवाला पोट्टा
गुरुजी, पत्रिका छापलेली नाही. सरांनी वहीत लिहिलं आहे ते असं: सायंकाळी ६ वाजता उद्घाटन, दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, सत्कार, मुख्याध्यापकांचं प्रास्ताविक व अहवाल, सरपंच, प्रमुख अतिथी (पंचायत समितीचे साहेब), अध्यक्षीय भाषण, आभार. ७ वाजता सांस्कृतिक कार्यक्रम.

भाषण माझ्या काकूसाठी पाहिजे. ती शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. सर म्हणाले, काकू, यावर्षी अध्यक्षस्थानी तुम्ही. ती मला म्हणाली, तू कॉलेजात शिकला, काहीतरी लिहून दे. काकू सातवी शिकली आहे. वाचता येतं, पण हळूहळू वाचते. काल मी शब्दसखांचं भाषण तिला वाचायला दिलं. एक पान वाचायला ७ मिनिटं लागली आणि 'प्रांगणात' या शब्दावर ती दोनदा अडली.

नागपूर ते पुणे
एक पान म्हणजे साधारण ४०० शब्द असतील. ७ मिनिटं म्हणजे मिनिटाला ५७. तसं असेल तर माझा आकडा इथं अर्ध्यावर येतो. बोलणारा कोण याने फरक पडतो म्हणायचा.

निवृत्त गुरुजी
आता हिशेब करता येतो. सहा ते सात असा एकच तास आहे. दीप आणि प्रतिमापूजन ५ मिनिटं, स्वागतगीत ५, सत्कार १५. सत्काराला लोक ५ धरतात, पण व्यासपीठावर दहा-बारा माणसं, प्रत्येकाला पुष्पगुच्छ, नाव पुकारायचं आणि फोटो, १५ कुठं जात नाहीत. ही झाली २५. राहिली ३५. प्रास्ताविक व अहवाल १०, सरपंच ५, साहेब १०. ही पुन्हा २५. राहिली १०. त्यात आभाराला ३. म्हणजे काकूंना कागदावर ७ मिनिटं आहेत. पण साहेबांची गाडी वेळेवर येईल हे कोणी लिहून देत नाही, आणि उशीर झाला की तो शेवटच्या बोलणाऱ्याच्या वाट्यातून वळता होतो. चार मिनिटं धर. त्यात एक मधला भाग असा ठेव की ऐन वेळी गाळला तरी सुरुवात आणि शेवट जुळून राहतील.

चार मिनिटांत काकूंच्या वाचण्यानं सव्वादोनशे शब्द होतात. पण काकू वाचताना अडतात, बोलताना अडत नसतील. म्हणून वाचायचं भाषण लिहू नको. चार-पाच ओळी मोठ्या अक्षरात कार्डावर लिही, बाकी त्यांचं त्या बोलतील.

आता क्रमाचं. काकू सगळ्यात शेवटी आहेत. त्यांच्या आधी मुख्याध्यापकांनी अहवाल वाचला, सरपंचांनी शाळेला काय दिलं ते सांगितलं, साहेबांनी शिक्षणाचं महत्त्व सांगितलं. तेच पुन्हा सांगायला काकूंनी उठायचं नाही. शिवाय पडद्यामागे लेकरं घागरा-चोळी घालून, गालाला लाली लावून उभी आहेत.

आता फक्त दोन गोष्टी राहिल्या, त्या पत्रिकेत मिळत नाहीत. काकू बोलायला उठतील तेव्हा समोर नेमकं कोण बसलेलं असेल? आणि काकूंना विचार, शनिवारी सकाळी गावात कोणी काय वेगळं करावं असं तुम्हाला वाटते? हाच प्रश्न, याच शब्दांत विचार. "कशावर बोलायचं?" असं विचारलं तर त्या 'शिक्षणावर' म्हणतील.

वऱ्हाडी माय
समोर कोन बसंल ते मी सांगतो. सध्या कापसाची वेचनी सुरू हाय. बाया दिवसभर वावरात असतात, दिवस कलला का काटा होते, किलोवर मजुरी, ते झाल्याबगर कोनी घरी येत नाई. मंग चूल, पानी, लेकराच्या बापाचं जेवन. सहा वाजता मंडपात फक्त लेकरं आन म्हातारे राह्यते. मायबहिनी सात-साडेसातले येतात, ते बी आपल्या पोरीचा डान्स पाह्याले. काकू बरोबर सात वाजता बोलल्या तं अर्ध्या बाया घरून निघाल्याच नसतीन.

निवृत्त गुरुजी
ताई, हे फार मोलाचं सांगितलंत. म्हणजे कार्यक्रम उशिरा सुरू झाला तर काकूंची मिनिटं कमी होतील, पण ऐकणारे मिळतील. वेळेवर सुरू झाला तर उलट.

एटापल्ली मास्तर
माझा प्रश्न थोडा बाजूचा आहे, पण इथेच विचारतो. माझ्या शाळेत समोर बसणाऱ्या बऱ्याच आया माडिया बोलतात. मराठी समजते, पण भोंग्यातली नाही. मागच्या वर्षी मी मराठीत बोललो आणि गावातल्या एका मुलानं शेवटी माडियात सांगितलं. मी बोलत होतो तोवर आया आपसात बोलत होत्या, आणि त्याने सांगायला सुरुवात केली तेव्हा त्याला निम्मं आठवत नव्हतं. यावर्षी मला १० मिनिटं आहेत. कसं करू?

निवृत्त गुरुजी
तुमच्याकडे १० मिनिटं नाहीत, ५ आहेत, कारण प्रत्येक वाक्य दोनदा होणार. मुद्दे अर्धे करूनच लिहायला बसा. दोन-तीन वाक्यं तुमची, मग त्याची, असं चालवा. त्या मुलाला दोन दिवस आधी बसवून घ्या. पण त्या भागात मी काम केलेलं नाही, त्यामुळे याहून पुढचं सांगायचा मला अधिकार नाही.

झाडीपट्टीवाला
मास्तर, मग त्या मुलालाच बोलू द्या ना. तुम्ही मराठीत दोन वाक्यं बोलून बसा. आमच्याकडे दंडारीत कोणी भाषांतर करत नाही, ज्याची बोली तोच बोलतो.

एटापल्ली मास्तर
विचार चांगला आहे. पण मुख्याध्यापक बोलले नाहीत तर वरचे साहेब काय म्हणतील, हे पाहावं लागेल.

कापूसवाला पोट्टा
गुरुजी, काकूला तुमच्या शब्दांत विचारलं. ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, यंदा सातवीत ९ पोरी आहेत. आपली शाळा सातवीपर्यंतच. आठवीसाठी पलीकडच्या गावच्या हायस्कूलला जावं लागते. दरवर्षी त्यातल्या तीन-चार पोरी घरीच राहतात आणि पुढच्या हंगामात मायसोबत वेचायला दिसतात. ती म्हणाली, मलेही असंच ठेवलं होतं. मला हे माहीत नव्हतं. मी तिला विचारलं, मग हे बोलशील का? म्हणाली, बोलतो, पण साहेबासमोर बोलू का?

वऱ्हाडी माय
बोल म्हना. साहेबासाठी नाई, त्या नऊ मायांसाठी बोल.

निवृत्त गुरुजी
भाषण झालं. आता नुसतं उतरवायचं आहे. ऐकणारे ठरले: सातवीतल्या ९ पोरींच्या माया आणि बाप. बाकीचा गाव ऐकेल, पण बोलायचं त्यांच्याशी. भाषाही त्यावरूनच ठरते. मायांशी बोलायचं तर घरची बोली. 'प्रांगण' नको, 'कलागुण' नको. मी साधारण असं करून देतो, काकू बदलतील तसं बदल:

"नमस्कार मंडळी. सरपंच साहेबांनं, पाहुण्यांनं जे सांगतलं ते मी परत सांगत नाई. मले सातवीतल्या पोरींच्या मायबापाशी बोलाचं हाय.

मी सातवीपर्यंत शिकली. पुढची शाळा दुसऱ्या गावात होती. मले कोनी धाडलं नाई. तवा मी काही म्हटलं नाई, कारन म्हनाले काय पाह्यजे तेच मले समजत नोतं.

यंदा आपल्या सातवीत नऊ पोरी हायत. आत्ता त्यायचा डान्स तुमी पाहानच. जूनमंदी ह्या नऊच्या नऊ आठवीत दिसल्या पाह्यजे.

कोनाले टीसी काढाची अडचन असन, कोनाले पोरगी एकटी धाडाची भीती वाटत असन, तं मले सांगा. मी घरी येतो. पह्यल्या दिवशी मी सोबत जातो.

एवढंच. चला, लेकरं थांबली हायत."

मधला परिच्छेद, मी सातवीपर्यंत शिकली तो, काकूंना त्या वेळी जड वाटला तर गाळता येतो, बाकी जुळून राहील. पण त्यांनी ठेवला तर त्यासारखं दुसरं काही नाही. "पह्यल्या दिवशी मी सोबत जातो" हे मी माझ्या मनानं लिहिलं आहे. त्या खरंच जाणार असतील तरच ठेवा.

नागपूर ते पुणे
हे शंभर शब्दांच्याही आत आहे. दोन मिनिटांत होईल.

शब्दसखा अकोला
मान्य, हे माझ्या दोन पानांपेक्षा चांगलं आहे. पण अध्यक्षीय भाषणात मान्यवरांचा उल्लेख नाही, शाळेचं कौतुक नाही, शिक्षकांचे आभार नाहीत. सरांना वाईट वाटणार नाही का? अध्यक्षपदाचा एक रिवाज असतो.

निवृत्त गुरुजी
रास्त आहे. शिक्षकांबद्दल एक वाक्य घाला, पण ठोस. गेल्या वर्षात शिक्षकांनी केलेलं एखादं काम काकूंच्या डोळ्यांसमोर असेल, तेवढंच सांगायचं. मान्यवरांची यादी सूत्रसंचालकानं आधीच दोनदा वाचलेली असते.

फाट्यावरचा
एक मुद्दा राहून गेला. पोरी घरी राहतात त्या मायबापाला समजत नाही म्हणून नाही, बस नाही म्हणून. मानव विकासची बस मुलींना फुकट आहे, पण ती गावात येते का? आमच्याकडे फाट्यावर थांबते, तिथून चालत यावं लागते, आणि हिवाळ्यात शाळा सुटेस्तोवर अंधार पडतो. काकूंनी मायांना सांगण्यापेक्षा साहेबांना माईकवर विचारावं, बस गावात कधी आणता? सगळ्या गावासमोर 'हो' म्हणावं लागेल.

निवृत्त गुरुजी
बसचं खरं आहे. पण बस पंचायत समितीच्या साहेबाच्या हातात नाही, ती एसटीच्या आगाराची गोष्ट आहे. माईकवर विचारलं तर ते "पाठपुरावा करतो" म्हणतील, टाळ्या होतील आणि विषय तिथंच मिटेल. त्यापेक्षा समितीचा ठराव, ग्रामपंचायतीचं पत्र आणि मुलींची यादी, असं निवेदन आगार प्रमुखाला द्या आणि त्याची एक प्रत कार्यक्रमाआधी साहेबांच्या हातात. शिवाय एका भाषणात दोन मागण्या आल्या, एक मायांना आणि एक साहेबांना, तर माया म्हणतील, बस आली की धाडू. आणि मग बसची वाट पाहत जून निघून जाईल.

फाट्यावरचा
मला नाही पटत. आमच्या गावात निवेदनं दिली, पोच घेतली, काही झालं नाही. गावासमोर विचारलं तेव्हाच हललं. निवेदन फाइलीत जाते, माईकवरचं सगळ्यांच्या मोबाईलमध्ये राहते.

वऱ्हाडी माय
दोघायचं बी खरं हाय. पन पोरीची माय म्हनून सांगतो, बस आली तरी मी एकटी पोरगी नाई धाडत. चार पोरी संगं जात असतीन तं धाडतो. काकूनं "नऊच्या नऊ" म्हटलं ना, ते मले लागलं.

कापूसवाला पोट्टा
काकूला वाचून दाखवलं. तिने 'भीती' काढून 'धाक' केलं आणि म्हणाली, पह्यल्या दिवशीच कायले, पह्यला हप्ताभर जातो. बसचं तिने ठरवलं नाही, समितीच्या बैठकीत विचारते म्हणाली.

आता एकच अडचण आहे. सरांनी आज सांगितलं, साहेबांना पुढं दुसऱ्या गावी जायचं आहे, म्हणून उद्घाटन बरोबर सहाला करतील. म्हणजे काकू सातच्या आत बोलेल, तेव्हा बाया आलेल्या नसतील. काय करावं?

सेलूची ताई
भाऊ, मग काकूंना डान्सच्या मध्ये बोलू द्या ना. सातवीच्या मुलींचा डान्स कितवा आहे? तो संपला की लगेच. तेव्हा त्या नऊ जणींच्या आया नक्कीच समोर असतील.

निवृत्त गुरुजी
ताई, हे मला सुचलं नव्हतं. रिवाजात बसत नाही, अध्यक्षीय भाषण आभाराच्या आधी होते. पण तेव्हा काकूंनी दोन वाक्यं बोलून अध्यक्षपद सांभाळायचं, आणि हे भाषण डान्सनंतर करायचं, असं सरांना विचारता येईल. फक्त मग एक वाक्य बदलेल. "आत्ता त्यायचा डान्स तुमी पाहानच" ऐवजी "आत्ता पाह्यला ना तुमी त्यायचा डान्स". आणि शेवटचं "लेकरं थांबली हायत" तसंच चालेल, कारण पुढचा डान्स असेलच. पोरी घागऱ्यातच बाजूला उभ्या राहिल्या तर आणखी चांगलं, पण त्यांना मुद्दाम पुढं ओढू नका. नऊपैकी कोणाच्या घरी काय चाललं आहे ते गावाला माहीत असते, आणि पोरीलाही.

कापूसवाला पोट्टा
सातवीचा डान्स पाचवा आहे. उद्या सकाळी परिपाठाआधी सरांना भेटतो आणि विचारतो.

एटापल्ली मास्तर
सर हो म्हणाले तर इथं कळवा. मग मीही माझं पाचव्या नाचानंतर ठेवून पाहतो, आणि त्या मुलालाच बोलायला सांगतो.